एकमेकांच्या घरी बसलेले ग्रह

ज्योतिषाच्या वर्गात परिवर्तन योग शिकवायची वेळ आली की फळ्यावर बहुतेक वेळा एकच पत्रिका येते, इंदिरा गांधींची. जन्म १९ नोव्हेंबर १९१७, अलाहाबाद, रात्री अकराच्या सुमारास. कर्क लग्न. चंद्र शनीच्या मकर राशीत आणि शनी चंद्राच्या कर्केत. सूर्य मंगळाच्या वृश्चिकेत आणि मंगळ सूर्याच्या सिंहेत. गुरू शुक्राच्या वृषभेत आणि शुक्र गुरूच्या धनू राशीत. सातांपैकी सहा ग्रहांनी जोडीजोडीने घरं बदललेली आहेत. उरला बुध, तो वृश्चिकेत सूर्याशेजारी आहे. एका पत्रिकेत अशा तीन जोड्या सापडणं खरोखरच विरळा, त्यामुळे शिकवणाऱ्याला दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

या पत्रिकेचा दुसरा उपयोग मात्र क्वचितच कुणी करतं. तिच्या शेजारी वडिलांची पत्रिका मांडून पाहिली, की हीच अदलाबदल दोन वेगळ्या माणसांच्या पत्रिकांमध्ये कशी दिसते, तिला नैसर्गिक आधाराची खूण का म्हणतात आणि त्या म्हणण्यात पोकळी कुठे आहे, हे एकाच ठिकाणी कळतं.

आधी नियम समजून घेऊ. तो सोपा आहे. बारा राशींचे सात मालक. सिंहेचा सूर्य आणि कर्केचा चंद्र, यांना एकेकच रास. मग या दोन राशींच्या दोन्ही अंगांनी बाहेर सरकत जायचं. मिथुन आणि कन्या बुधाच्या, वृषभ आणि तूळ शुक्राच्या, मेष आणि वृश्चिक मंगळाच्या, मीन आणि धनू गुरूच्या, आणि सर्वांत लांबच्या कुंभ नि मकर शनीच्या. राहू-केतूंच्या मालकीवर ग्रंथकारांचंच एकमत नाही, म्हणून या हिशेबात त्यांना घेत नाहीत. एक ग्रह दुसऱ्याच्या राशीत आणि दुसरा पहिल्याच्या राशीत असला, की झाला परिवर्तन योग. काही जण त्याला अन्योन्य योग म्हणतात. दोन शेजाऱ्यांनी घरं बदलून राहावं तसं हे आहे. प्रत्येकाला दुसऱ्याच्या घराची काळजी घ्यावी लागते, कारण आपलं स्वतःचं घर त्याच्या ताब्यात असतं.

पराशरी परंपरेत दोन ग्रहांचे जे संबंध मानले आहेत, त्यांत हा सर्वांत बळकट धरतात. युती किंवा दृष्टी त्याच्या खालोखाल. मंत्रेश्वराच्या फलदीपिकेने बारा भावांच्या स्वामींमधल्या सगळ्या शक्य अदलाबदली मोजून ६६चा आकडा दिला आणि त्यांचे तीन गट केले. महायोग २८, खलयोग ८ आणि दैन्ययोग ३०. सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या घराचा स्वामी अदलाबदलीत आला की दैन्य, तिसऱ्या घराचा आला की खल, बाकीचे महायोग. म्हणजे परिवर्तन झालं की भलंच होतं, अशी समजूत मूळ ग्रंथातही नाही. ६६मधले ३० अडचणीचेच आहेत. इंदिरा गांधींच्या पत्रिकेतलं गुरू-शुक्राचं परिवर्तन सहाव्या आणि अकराव्या घरांतलं, म्हणजे दैन्य गटातलं. फळ्यावर तीन परिवर्तनं लिहिताना हा बारकावा बऱ्याचदा राहून जातो.

हा सगळा विचार एका पत्रिकेपुरता झाला. तो दोन पत्रिकांना लावायची कल्पना मुख्यतः पाश्चात्य ज्योतिषातून आलेली आहे, पण तिचं मूळ जुनं आहे. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात टॉलेमीने मैत्री आणि वैर यांवर लिहिताना दोन्ही माणसांचे सूर्य, चंद्र आणि लग्न पाहायला सांगितले आहेत. ते एकाच राशीत असले, किंवा त्यांनी एकमेकांच्या जागा घेतल्या असल्या, म्हणजे एकाचा सूर्य जिथे आहे तिथे दुसऱ्याचा चंद्र असला, तर स्नेह टिकाऊ. टॉलेमीची अदलाबदल जागांची आहे, राशींच्या मालकीची नाही. मालकीची अदलाबदल पुढच्या शतकांत अरबी आणि युरोपीय ज्योतिष्यांनी ‘स्वागत’ या कल्पनेतून वाढवली. ज्याच्या राशीत ग्रह बसला तो यजमान आणि बसलेला पाहुणा. विल्यम लिलीच्या १६४७ सालच्या ‘ख्रिश्चन ॲस्ट्रॉलॉजी’त प्रश्नकुंडलीवरून विवाह जमेल का, हे सांगताना दोन्ही पक्षांच्या ग्रहांमध्ये असं परस्पर स्वागत आहे का, हे पाहिलं जातं. तेच आजच्या पाश्चात्य ज्योतिषी मंडळींचं म्युच्युअल रिसेप्शन. तेच दोन जन्मपत्रिकांच्या मध्ये शोधलं की त्याचा अर्थ असा लावतात: या दोघांना एकमेकांची मदत मागावी लागत नाही, ती आपोआप होत असते.

आपल्याकडच्या गुणमेलनात याला जागाच नाही. ३६ गुणांमध्ये ग्रहमैत्रीचे ५ गुण असतात खरे, पण तिथे दोघांच्या चंद्रराशींचे स्वामी एकमेकांचे मित्र आहेत की शत्रू एवढंच कोष्टकातून पाहतात. ते स्वामी प्रत्यक्ष पत्रिकेत कुठल्या राशीत बसलेत, हे पाहत नाहीत. त्यामुळे पंचांगाच्या मागच्या पानांवरून गुण मोजणाऱ्याला अशी अदलाबदल दिसत नाही. त्यासाठी दोन्ही पत्रिका समोर ठेवून ग्रहागणिक पाहावं लागतं.

ते कसं पाहतात, ते वडील-मुलीच्या पत्रिकांवरच करून बघू. जवाहरलाल नेहरूंचा जन्म १४ नोव्हेंबर १८८९, अलाहाबाद, रात्री साडेअकराच्या सुमारास. त्यांचंही लग्न कर्क आणि चंद्र कर्केतच. सूर्य वृश्चिकेत, मंगळ कन्येत, बुध आणि शुक्र तुळेत, गुरू धनूत, शनी सिंहेत. आता नेहरूंचा एकेक ग्रह घ्यायचा, तो ज्या राशीत आहे तिचा मालक ओळखायचा, आणि तोच मालक मुलीच्या पत्रिकेत कुठे आहे हे पाहायचं. तो जर पहिल्या ग्रहाच्या राशीत बसला असेल, तर अदलाबदल.

नेहरूंचा चंद्र, गुरू आणि शुक्र स्वगृही आहेत. स्वतःच्या घरी बसलेला ग्रह कुणाचा पाहुणा नसतो, म्हणून हे तिघे बाद. सूर्य वृश्चिकेत, मालक मंगळ. मुलीचा मंगळ सिंहेत, म्हणजे सूर्याच्या राशीत. पहिली अदलाबदल मिळाली. मंगळ कन्येत, मालक बुध. मुलीचा बुध वृश्चिकेत, म्हणजे मंगळाच्या राशीत. दुसरीही मिळाली. बुध तुळेत, मालक शुक्र, पण मुलीचा शुक्र धनूत. बुधाला तिथे काही नाही. शनी सिंहेत, मालक सूर्य, आणि मुलीचा सूर्य वृश्चिकेत. इथेही परतफेड नाही. एवढंच काम. पाच मिनिटांत कागदावर होतं. चूक होते ती घाईत दोन्ही ग्रह एकाच पत्रिकेतले घेतल्याने. मग दोन पत्रिकांमधलं म्हणून सांगितलेलं परिवर्तन प्रत्यक्षात एकट्या मुलीच्या पत्रिकेतलं निघतं.

शनीसारखी गोष्ट एकतर्फी म्हणायची. वडिलांचा शनी मुलीच्या सूर्याच्या राशीत बसलेला आहे, पण तिचा सूर्य शनीच्या राशीत नाही. एक जण पाहुणा, दुसरा फक्त यजमान. अशा एकतर्फी जागा कुठल्याही दोन पत्रिकांत ढीगभर निघतात, म्हणून जाणते ज्योतिषी त्यांना फारसं वजन देत नाहीत.

आता या दोन अदलाबदलींचं वाचन. सूर्य आणि मंगळ हे नैसर्गिक मैत्रीच्या कोष्टकात दोन्ही बाजूंनी मित्र. शिवाय दोघांचं लग्न कर्कच असल्याने घरंही जुळतात. सिंह दोघांच्याही दुसऱ्या घरात येते, म्हणजे कुटुंब आणि वाणी. वृश्चिक दोघांच्याही पाचव्या घरात येते, म्हणजे संतती, शिक्षण आणि मंत्रणा. पित्याचा कारक सूर्य वडिलांच्या पाचव्या घरात बसलाय, आणि त्या घराचा मालक मंगळ मुलीच्या दुसऱ्या घरात, सूर्याच्या राशीत. कर्क लग्नाला मंगळ पाचव्याचा आणि दहाव्याचा स्वामी, म्हणजे राजयोगकारक. ज्योतिष्याच्या हातात याहून बोलकं काय यावं? वडील शिकवतात, मुलगी ते घराण्याच्या नावाने पुढे नेते आणि राज्यकारभारापर्यंत पोहोचवते, असं सरळ वाचन इथे होतं. मंगळाची चौथी दृष्टी असते, त्यामुळे मुलीच्या सिंहेतल्या मंगळाची दृष्टी वृश्चिकेवर, म्हणजे वडिलांच्या सूर्यावरही पडते.

मंगळ-बुधाची गोष्ट वेगळी. मंगळाच्या लेखी बुध शत्रू, बुधाच्या लेखी मंगळ सम. मैत्री नाहीच. पण वडिलांचा मंगळ तिसऱ्या घरात, लेखन आणि पत्रव्यवहाराच्या घरात, आणि मुलीचा बुध पाचव्या, विद्येच्या घरात. इथे तर पत्रंच आठवतात. १९२८ साली मुलगी मसुरीला असताना लिहिलेली आणि पुढे पुस्तकरूपाने आलेली पत्रं, आणि १९३० ते १९३३ या काळात तुरुंगातून तिच्यासाठी लिहिलेला जगाचा इतिहास. मंगळाच्या जिद्दीने लिहायचं आणि बुधाने ते आत घ्यायचं. मैत्री नसलेल्या ग्रहांच्या अदलाबदलीबद्दल ज्योतिषी म्हणतात की संबंध घट्ट असतो, पण तो घासून घासून मिळालेला असतो.

वाचन छान जमतं, आणि त्यातच धोका आहे. पत्रं लिहिली गेली हे आपल्याला आधीच माहीत आहे. तिसरं घर म्हणजे लेखन, हे जसं खरं, तसंच तिसरं घर म्हणजे भावंडं, पराक्रम आणि छोटे प्रवास, हेही खरं. घडलेल्या गोष्टीला साजेसा अर्थ निवडायला जागा भरपूर आहे. १९४२ साली मुलीच्या लग्नाला नेहरूंनी आधी नाखुशी दाखवली होती, ती या दोन अदलाबदलींमध्ये कुठे बसवायची, असं विचारलं की बहुतेक वाचनं गप्प होतात.

तरी ज्योतिषाच्या आतल्या नियमांनीच काही कसोट्या लावता येतात, आणि त्या लावायला हव्यात. पहिली कसोटी राशीच्या कडेची. नेहरूंचा सूर्य वृश्चिकेत असतो, पण किती? आपल्याकडच्या प्रचलित चित्रापक्ष अयनांशाने तो वृश्चिकेच्या पहिल्याच अंशात येतो, आणि तोही अंशाच्या एक तृतीयांशापेक्षा कमी आत. सूर्य दिवसाला साधारण एक अंश चालतो. म्हणजे त्याच दिवशी दुपारी तीन वाजता जन्म झाला असता, तर सूर्य तुळेत असता, त्याचा मालक शुक्र झाला असता आणि मंगळाशी अदलाबदल गेली असती. नेहरूंची जन्मवेळ रात्रीची असल्यामुळे तासभर इकडेतिकडे झालं तरी इथे बिघडत नाही. पण ज्याच्या जन्मवेळेचा नेमका पत्ता नाही, अशा माणसाचा ग्रह राशीच्या कडेवर असेल, तर त्यावर इमारत उभी करू नये.

कडेवरच्या ग्रहाला अयनांशही हलवतो. महाराष्ट्रात हा वाद जुना आहे. टिळक पंचांग रैवतपक्ष मानतं, दाते पंचांगासह बहुतेक बाकीची चित्रापक्ष. दोहोंत जवळजवळ चार अंशांचा फरक पडतो, म्हणून रैवतपक्षाने काढलेल्या पत्रिकेत ग्रह चार अंश पुढे दिसतात. गंमत अशी की नेहरूंच्या बाबतीत हे सोयीचं पडतं, कारण सूर्य कडेवरून आत सरकून वृश्चिकेच्या चौथ्या-पाचव्या अंशात येतो. मुलीचा मंगळ सोळाव्या अंशावरून विसाव्याच्या आसपास जातो, पण सिंहेतच राहतो. बुध आणि नेहरूंचा मंगळही आपापल्या राशी सोडत नाहीत. म्हणजे आपल्याकडच्या दोन्ही पक्षांत दोन्ही अदलाबदली टिकतात. पाश्चात्य निरयन ज्योतिषी वापरतात तो फेगन-ब्रॅडली अयनांश घेतला, तर मात्र सूर्य मागे सरकून तुळेच्या शेवटच्या अंशात जातो आणि सूर्य-मंगळ संबंध तुटतो.

सायन पद्धतीत तर सगळाच डाव बदलतो. तिथे राशी वसंतसंपातापासून मोजतात, त्यामुळे या दोन पत्रिकांतले ग्रह बावीस-तेवीस अंश पुढे जातात. नेहरूंचा सूर्य वृश्चिकेतच राहतो, पण मुलीचा मंगळ सिंह सोडून कन्येत पोहोचतो. पहिली अदलाबदल संपली. नेहरूंचा मंगळ तुळेत आणि मुलीचा बुध धनूत, दुसरीही संपली. पण आता नेहरूंचा बुध वृश्चिकेत आणि मुलीचा मंगळ कन्येत, अशी मंगळ-बुधाची उलटी अदलाबदल तयार होते. लंडनमधला ज्योतिषी आणि पुण्यातला ज्योतिषी दोघेही ‘या दोघांमध्ये मंगळ-बुध परिवर्तन आहे’ असं सांगतील आणि दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळे ग्रह असतील. ज्यांना हे दुजोऱ्यासारखं वाटतं त्यांनी थोडं थांबून पाहावं, कारण इथे जुळतंय ते फक्त नाव.

दुसरी कसोटी अधिक कडक आहे. मंगळ-बुधाची हीच अदलाबदल इंदिरा गांधींची आणखी कुणाशी होते का? होते. फिरोज गांधींचा जन्म १२ सप्टेंबर १९१२चा. त्या दिवशी निरयन मंगळ कन्येच्या मध्यावर, जवळपास चौदाव्या अंशात होता. कडेपासून दूर, त्यामुळे जन्मवेळ माहीत नसली तरी फरक पडत नाही. त्यांचा मंगळ कन्येत आणि पत्नीचा बुध वृश्चिकेत. वडिलांशी जी अदलाबदल, तीच पतीशी, अगदी त्याच ग्रहांची आणि त्याच राशींची.

आणि दोन नाती? वडिलांच्या घरी, तीन मूर्तीत, इंदिरा गांधी यजमानीण म्हणून राहिल्या, परदेश दौऱ्यांत बरोबर गेल्या आणि १९५९ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झाल्या. पतीशी १९४२ साली लग्न झालं खरं, पण पुढच्या काळात दोघांमधलं अंतर वाढत गेलं. फिरोज खासदार म्हणून दिल्लीत आपल्या वेगळ्या निवासात राहत, आणि १९६० साली त्यांचं निधन झालं. एकच खूण, एका नात्यात आधार, दुसऱ्यात ताण. इथे ज्योतिषी दोन उत्तरं देतात. एक, आधार म्हणजे गोडीगुलाबी नव्हे, मतभेद असतानाही माणूस दुसऱ्याच्या आयुष्यातून पुसला जात नाही. दुसरं, वडिलांच्या पत्रिकेत सूर्य-मंगळाची मित्रग्रहांची अदलाबदल सोबतीला आहे, पतीच्या पत्रिकेत सूर्य स्वतःच्या सिंहेत असल्याने ती होऊच शकत नाही. दुसरं उत्तर पहिल्यापेक्षा बरं आहे, कारण ते तपासता येतं. पहिलं कुठल्याही नात्याला लागू पडतं.

मुळात दोन पत्रिकांमध्ये अशी अदलाबदल सापडणं किती दुर्मिळ आहे? हा प्रश्न पुस्तकं विचारत नाहीत, आणि त्याचं उत्तर कागद-पेन्सिलीने निघतं. सोयीसाठी प्रत्येक ग्रह कुठल्याही राशीत असण्याची शक्यता सारखी धरू. पहिल्या माणसाचा मंगळ बुधाच्या दोन राशींपैकी एकीत असण्याची शक्यता बारात दोन, म्हणजे एक षष्ठांश. दुसऱ्याचा बुध मंगळाच्या दोन राशींपैकी एकीत असण्याची शक्यताही एक षष्ठांश. दोन्ही एकदम घडण्याची शक्यता छत्तिसात एक. ही झाली एका जोडीची. पण दोन-दोन राशींचे मालक पाच आहेत, आणि पहिल्याचा मंगळ-दुसऱ्याचा बुध ही जोडी आणि पहिल्याचा बुध-दुसऱ्याचा मंगळ ही जोडी वेगळ्या मोजायच्या. अशा वीस जोड्या होतात. सूर्य-चंद्र आणि या पाचांच्या आणखी वीस, प्रत्येकीची शक्यता बहात्तरात एक. सूर्य आणि चंद्र यांच्या आपसातल्या दोन, त्यांची प्रत्येकी एकशे चव्वेचाळिसात एक. सगळी बेरीज १४४मध्ये १२२.

म्हणजे रस्त्यावरून जाणारी कुठलीही दोन अनोळखी माणसं धरली, तर शंभर जोड्यांमागे सरासरी ८५ अदलाबदली सापडायला हव्यात. काही जोड्यांत दोन-तीन येतील, काहींत एकही नाही, पण निम्म्याहून अधिक जोड्यांत निदान एक तरी असेल. ग्रह प्रत्यक्षात सगळ्या राशींत सारखा वेळ घालवत नाहीत, त्यामुळे आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलणार नाही. नेहरू-इंदिरा यांच्यातल्या दोन अदलाबदली या हिशेबात फारशा असाधारण ठरत नाहीत. इंदिरा गांधींच्या स्वतःच्या पत्रिकेतल्या तीन मात्र खरंच वेगळ्या, कारण एका पत्रिकेत सहाच्या सहा ग्रहांनी जोडीजोडीने अडकणं ही फार कडक अट आहे. दोन पत्रिकांमधली अदलाबदल हाताला लागली म्हणून आनंदून जाणाऱ्याने हा आकडा शेजारी ठेवावा.

संथ ग्रहांच्या अदलाबदलीत तर दोन माणसांचा प्रश्नच उरत नाही. २०२१ साल घ्या. गुरू त्या वर्षी पूर्ण वेळ मकर किंवा कुंभेत होता, म्हणजे शनीच्याच राशींत. २०२६चं संपूर्ण वर्ष शनी मीनेत, गुरूच्या राशीत आहे. म्हणून ज्या घरात थोरलं मूल २०२१चं आणि धाकटं २०२६चं, त्या प्रत्येक घरात भावंडांमध्ये गुरू-शनी परिवर्तन आहे. कोल्हापुरातल्या भावंडांत आहे आणि कॅनडातल्याही. शिवाय २०२१च्या प्रत्येक मुलाचं २०२६मधल्या प्रत्येक अनोळखी मुलाशीही आहे. याला भावंडांच्या प्रेमाची खूण म्हणणारा ज्योतिषी खरं तर दोन जन्मवर्षांमधलं अंतर वाचत असतो. म्हणून वजन द्यायचंच असेल, तर ते निदान एका बाजूला जलद ग्रह असलेल्या, सूर्य-चंद्र, मंगळ, बुध किंवा शुक्र गुंतलेल्या अदलाबदलीला द्यावं. तिथे निदान जन्मतारखेचा संबंध येतो.

मग हे सगळं खरंच काही सांगतं का? दोन पत्रिकांमधल्या परिवर्तनाची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाल्याचं उदाहरण हाताशी नाही. जवळपासच्या दोन तपासण्या मात्र सर्वज्ञात आहेत. पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली हुशार आणि मतिमंद अशा दोनशे मुलांच्या पत्रिका जमवून ज्योतिष्यांना ओळखायला दिल्या. शेवटपर्यंत गेलेल्या सत्तावीस जणांच्या उत्तरांची सरासरी ४६ टक्के आली, म्हणजे नाणं उडवून मिळेल तेवढीच. ही चाचणी एकेका पत्रिकेची होती. दोघांच्या नात्यावर डेव्हिड व्होआस या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड आणि वेल्सच्या २००१च्या जनगणनेतून सुमारे एक कोटी दांपत्यांच्या सूर्यराशी तपासल्या, तेव्हा कुठल्याही दोन राशींच्या माणसांची लग्नं अपेक्षेपेक्षा जास्त होतात असं काही निघालं नाही. सूर्यरास हा दोन पत्रिकांच्या तुलनेचा सर्वांत ढोबळ भाग, परिवर्तन त्याहून सूक्ष्म आहे, हा ज्योतिष्यांचा आक्षेप आकड्यांच्या मानाने रास्तच.

पण सूक्ष्म गोष्टही तपासता येते. पन्नास वर्षं टिकलेल्या मैत्रीच्या शंभर जोड्या घ्यायच्या. त्यांच्या पत्रिकांतल्या जलद ग्रहांच्या अदलाबदली मोजायच्या. मग त्याच दोनशे माणसांच्या जोड्या ढवळून, प्रत्येकाला त्याच वर्षीच्या दुसऱ्या एखाद्याशी जोडून, पुन्हा मोजायच्या, म्हणजे वयामुळे येणारा फरक निघून जाईल. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा ठळकपणे मोठा निघाला, आणि दुसऱ्या शंभर जोड्यांतही पुन्हा तसाच निघाला, तर आधाराची खूण खरी. दोन्ही आकडे सारखेच आले, तर मित्रांमध्ये सापडलेल्या अदलाबदली त्याच असतील ज्या अनोळखी माणसांमध्येही सापडतात. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जन्मतारखा, एक पंचांग आणि मैत्री टिकल्याचा भरवशाचा पुरावा असलेली दोनशे माणसं एवढंच लागतं, आणि यातलं शेवटचंच मिळवायला सर्वांत कठीण आहे.